फोनवरची ऑर्डर रेकॉर्ड करायची तर: परवानगी कुणाची आणि पुरावा कितपत

प्रश्न: वकीलसाहेब, उद्यमनगरात माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका पार्टीनं फोनवर "8 एमएमची प्लेट चालेल" म्हणून सांगितलं, आणि माल पोचल्यावर "10 ठरली होती" म्हणून बिल अडवलं. त्या दिवसापासून मी दुकानाच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलंय, पण फोन लावला की आतून बाई इंग्रजीत बोलते आणि जुनी गिऱ्हाईकं बिथरतात. भाचा म्हणतो, न बोलणारं ॲप टाकू, पोरांच्या फोनवरपण टाकू. हे कायद्यात बसतं का? ट्रूकॉलरवर दिसणारं नाव पुरावा म्हणून चालतं का? आणि अनोळखी फोन मशीननं आधी घ्यायची सोय दुकानाच्या नंबरला लावावी का?

उत्तर:

तुमचा भाचा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतोय. तुम्ही स्वतः ज्या फोनवर बोलताय तो रेकॉर्ड करणे ही एक गोष्ट. पोरांच्या फोनमध्ये ॲप टाकून त्यांचे बोलणे साठवणे ही दुसरी. पहिलीला आपल्याकडे बरीच मोकळीक आहे. दुसरीत तुम्ही आरोपी होऊ शकता.

भारतात "फोन रेकॉर्ड करण्याआधी समोरच्याची परवानगी घ्या" असे थेट सांगणारे कलम नाही. ज्याला कायदा हात घालतो ते दुसऱ्यांचे बोलणे मधल्यामध्ये ऐकणे, म्हणजे टॅपिंग. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंग हा खासगीपणावरचा घाला ठरवला. आता 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 42 प्रमाणे बेकायदा टॅपिंगला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून तपासायचा प्रश्न एकच: रेकॉर्डिंग करणारा त्या संभाषणात आहे का, आणि तो नसेल तर बोलणाऱ्यांपैकी निदान एकाला ते माहीत आणि मान्य आहे का?

याचा पाया आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने घातला. मुंबईच्या कोरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लाच मागितल्याची तक्रार होती. ज्या डॉक्टरला तो फोन करायचा, त्या डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1972 मध्ये न्यायालयाने सांगितले की बोलणाऱ्यांपैकी एकजण स्वतःहून दुसऱ्याला ऐकू किंवा टिपू देत असेल तर ते टॅपिंग नव्हे. टेप पुरावा म्हणून धरली गेली. मात्र तीन गोष्टी दिसायला हव्यात असेही सांगितले: बोलणे वादाच्या मुद्द्याशी संबंधित हवे, आवाज कुणाचा ते ओळखता यायला हवे, आणि टेपमध्ये खोडाखोड झाली नाही याची खात्री पटायला हवी. आजही कोर्टात भांडण याच तीन गोष्टींवर होते.

यावर विसंबून "मग कुणाचेही बोलणे बिनधास्त टिपा" असे म्हणणारे भेटतील. त्यांचे फार ऐकू नका. 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्यानंतर 2023 मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने पत्नीच्या नकळत केलेले रेकॉर्डिंग नाकारले. उलट जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक दाव्यात असे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालते असा निकाल दिला. तो निकाल नवरा-बायकोच्या वादातला आहे, त्यातून तुमच्या बिलाचा न्याय निघत नाही. पण वारे कुठे वाहते ते कळते: पुरावा म्हणून न्यायालये रेकॉर्डिंग घेतात, मात्र ते कसे मिळवले याची चिरफाड पूर्वीपेक्षा जास्त होते. त्या चिरफाडीत तुमच्या बाजूने सगळ्यात मोठे काय असेल, तर समोरच्याला माहीत होते हे.

म्हणून त्या इंग्रजी बाईकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. गूगलचे फोन ॲप असलेल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना सूचना ऐकू जाते. आयफोनवरही 18.1 आवृत्तीपासून तसेच आहे. आपल्याकडचे काही सॅमसंग फोन मात्र न बोलता रेकॉर्ड करतात. न बोलणारी बाहेरची ॲप मे 2022 पासून अँड्रॉइडवर जवळपास मोडीतच निघाली, कारण ती ज्या वाटेने आवाज पकडायची तो अपंगांच्या सोयीसाठीचा मार्ग गूगलने प्ले स्टोअरवरच्या ॲपना या कामासाठी बंद केला. आज भाचा जे कुठून तरी उतरवून आणेल त्यात बहुतेक वेळा तुमचाच आवाज येतो आणि समोरचा मुका राहतो. वर ते ॲप तुमच्या फोनमधले काय काय बाहेर पाठवते ते निराळेच.

गिऱ्हाईक बिथरते ते रेकॉर्डिंगमुळे कमी आणि न कळणाऱ्या मशीनमुळे जास्त. कागल किंवा गडहिंग्लजहून फोन करणाऱ्या माणसाला अचानक इंग्रजी ऐकू आले की त्याला वाटते, बँकेचा फोन लागला किंवा कुणी पोलीस-बिलीस आहे. तेव्हा सूचना वाजायच्या आधीच तुम्ही मराठीत बोला: "दादा, ऑर्डरची मापं चुकू नयेत म्हणून फोन रेकॉर्डला लावतोय, चालेल ना?" मग बटण दाबा, आणि सूचना वाजून गेल्यावर पुन्हा एकदा "लावलंय हां, चालेल ना?" एवढे विचारा. म्हणजे त्याचे "हां, चालतंय की" टेपमध्ये येते. पहिल्यांदा विचारलेले टेपमध्ये येत नाही हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. नको म्हणाला तर बंद करा आणि ठरलेले लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

आता तुमचाच व्यवहार घेऊ, आणि त्या दिवशी रेकॉर्डिंग चालू होते असे समजू. चार मिनिटांचे बोलणे. दुसऱ्या मिनिटाला पार्टी म्हणते, "8 एमएम असू दे, चालेल." तुम्ही खूश होता, तेवढा वीस सेकंदांचा तुकडा कापता आणि त्यांच्या ग्रुपवर टाकता. इथे केस बिघडायला लागते. समोरचा वकील पूर्ण फाइल मागणार. पूर्ण फाइलमध्ये चौथ्या मिनिटाला तुम्हीच म्हणालेले असता, "बघतो, 10 मिळाली तर तीच लावतो." झाले, ठरले काय होते हाच मुळी वादाचा विषय झाला. रेकॉर्डिंग तुमच्याही तोंडचे सगळे जपून ठेवते. त्यामुळे फोन ठेवण्यापूर्वी ठरलेले एका दमात म्हणायची सवय लावा: "तर मग शंभर ब्रॅकेट, 8 एमएम प्लेट, छिद्र 14 चं, दर कालचाच, शुक्रवारी माल. बरोबर?" आणि त्याचे "बरोबर" येऊ द्या. तोंडी करारही आपल्याकडे करारच असतो. अडचण फक्त तो सिद्ध करण्याची असते, आणि ते काम या एका वाक्याने निम्मे होते.

तुकडा कापल्याने दुसरेही नुकसान होते, ते फाइलचे. मूळ फाइलला हात लावायचा नाही. नाव बदलायचे नाही, कापायची नाही, आवाज वाढवायचा नाही. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली प्रत मूळ फाइलसारखी राहीलच असे नाही. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गूगलच्या फोन ॲपमधली रेकॉर्डिंग त्या ॲपच्याच पोटात असतात, ॲपचा डेटा पुसला की तीही जातात. शिवाय सेटिंगमध्ये जुनी रेकॉर्डिंग आपोआप पुसण्याची मुदत असते, ती आधी बघा. केलेल्या कामाचे पैसे मागण्याच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते. रेकॉर्डिंग महिनाभरात पुसले गेले तर त्याचा उपयोग काय? महत्त्वाची ऑर्डर झाली की त्याच दिवशी फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि तिचा हॅश काढून ऑर्डरवहीत लिहा. विंडोजवर त्यासाठी वेगळे काही लागत नाही, order.m4a च्या जागी तुमच्या फाइलचे नाव घाला:

```
certutil -hashfile order.m4a SHA256
```

समोर येणारी लांबलचक अक्षर-अंकांची ओळ म्हणजे त्या फाइलचा ठसा. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हा हॅश लिहायची जागाच दिलेली आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग ज्याच्या ताब्यात फोन किंवा कॉम्प्युटर आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ भरतो. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राबद्दल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोतकर विरुद्ध गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक वादात स्पष्ट केले होते की प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवेच, पण मूळ फोनच घेऊन मालक साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही. म्हणून दुकानाचा जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकण्याआधी त्यात कुठल्या वादाचे मूळ पडलेय का ते बघा. हा सल्ला लोकांना नेमका सणासुदीच्या ऑफरच्या वेळी आठवत नाही.

आता पोरांच्या फोनकडे येऊ. दुकानाच्या फोनवर कामगार गिऱ्हाइकाशी बोलतो तेव्हा संभाषणात तो आहे, तुम्ही नाही. त्याला माहीत असेल आणि मान्य असेल तर गोष्ट मलकानी खटल्याच्या आसपास येते. म्हणून त्याच्याकडून एका कागदावर सही घ्या: दुकानाच्या अमुक नंबरवरचे फोन रेकॉर्ड होतात, ऑर्डरच्या खात्रीसाठी, ऐकणारे फक्त मालक, इतके दिवस ठेवतो, आणि या फोनवरून घरचे बोलणे करू नये. मराठीतच लिहा, त्याला वाचता आले पाहिजे. त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये नकळत ॲप टाकणे मात्र पूर्ण वेगळे. ते दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरणे झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, आणि वर टॅपिंगचे कलम लागू शकते. त्याच्या आईचा, बायकोचा, डॉक्टरचा फोन तुमच्याकडे साठणार, आणि त्यांच्यापैकी कुणीच तुम्हाला हो म्हटलेले नाही. फोन तुम्ही घेऊन दिलाय, रिचार्ज तुम्ही मारता, हे उत्तर पुरत नाही.

यात 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचीही भर पडते. घरगुती, खासगी कारणासाठी एखाद्याने ठेवलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे, पण तुमचे रेकॉर्डिंग धंद्यासाठी आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आणि सूचना, संमती वगैरेंची मुख्य कलमे त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती त्यात मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आपल्या न्याय्य हक्कासाठी दावा चालवताना त्यातल्या बऱ्याच अटी शिथिल होतात. फोनवर विचारून "चालतंय" घेणे आणि कारण सांगणे ही सवय आताच लागली तर तेव्हा तुम्हाला वेगळे फारसे करावे लागणार नाही. ऑर्डरसाठी घेतलेले रेकॉर्डिंग गावभर ऐकवणे मात्र तेव्हाही चुकेल आणि आजही चुकतेच. त्या ग्रुपवर टाकलेल्या तुकड्यावरून बदनामीची नोटीस आली तर मूळ बिल बाजूला राहते.

निपाणी, बेळगावची गिऱ्हाइके कर्नाटकात असली तरी कायदा हाच. परदेशी फोनचे तसे नाही. तुमच्या शेजारच्या फाउंड्र्या बाहेर माल पाठवतात, उद्या तुम्हीही पाठवाल. जर्मनीत बोलणाऱ्याच्या परवानगीशिवाय खासगी बोलणे रेकॉर्ड करणे हाच गुन्हा आहे, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सगळ्यांची संमती लागते. तिकडच्या फोनवर आधी विचारायचे, नाहीतर रेकॉर्डिंग लावायचेच नाही.

नावाचा प्रश्न थोडक्यात संपतो. ट्रूकॉलरवर दिसते ते लोकांनी सुचवलेले किंवा त्या माणसाने स्वतः लिहिलेले नाव. "सुरेश पाटील वसुली" असे कुणी चिडून सेव्ह केले तर तेही वर येऊ शकते. म्हणून त्या स्क्रीनशॉटने "हाच माणूस बोलला" हे सिद्ध होत नाही. फोन करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या ज्या सोयीची दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी 2024 मध्ये शिफारस केली आणि जी आता टप्प्याटप्प्याने येते आहे, तिच्यात नाव मोबाइल कंपनीकडच्या नोंदणी अर्जावरून येते. ते जास्त भरवशाचे खरे, पण ते सिम घेणाऱ्याचे असते, बोलणाऱ्याचे नव्हे. आपल्याकडे बापाच्या नावावरचे सिम पोरगा वापरतो आणि मालकाच्या नावावरचे सुपरवायझर. तेव्हा रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला "कोण बोलताय, कुठल्या फर्मकडून?" हे विचारून घ्या. आवाज ओळखण्याच्या वादात ते फार कामी येते. दुकानाचे सिम तुमच्या मेव्हण्याच्या नावावर असेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन नोंद सरळ करून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाला मेव्हणाच दिसेल.

आणि मशीनने फोन घेण्याची सोय. आयफोनमध्ये ती 26 व्या आवृत्तीपासून Screen Unknown Callers या नावाखाली आहे, ट्रूकॉलरचीही स्वतःची आहे. मशीन विचारते कोण, कशासाठी, आणि उत्तर तुम्हाला पडद्यावर लिहून दिसते. दुकानाच्या नंबरला ही लावू नका. नवे गिऱ्हाईक म्हणजे व्याख्येनेच अनोळखी नंबर. मशीनला मराठी नीट कळेलच असे नाही, आणि आपला माणूस मशीनशी बोलत बसत नाही, तो पुढच्या वर्कशॉपला फोन लावतो. तुमच्या स्वतःच्या नंबरला लावा हवी तर. लावल्यावर आठवडाभर कॉल लॉग बघा: मशीनने घेतले आणि समोरच्याने काही न बोलता चार-पाच सेकंदांत ठेवले असे फोन जास्त दिसले, तर त्यात तुमची गिऱ्हाइके आहेत. त्या नंबरांना उलट फोन करा. दुकानासाठी एवढे पुरे: 140 ने सुरू होणारे जाहिरातीचे फोन बंद करा आणि 1600 ने सुरू होणारे चालू ठेवा, कारण बँका आणि सरकारी खात्यांचे कामाचे फोन त्या मालिकेतून येतात. मशीनने टिपलेले बोलणे पुरावा म्हणून गृहीत धरू नका. आवाजाचे शब्दांत रूपांतर करताना "आठ" चे "साठ" व्हायला वेळ लागत नाही.

राहिले ते सध्या अडलेले बिल. त्या फोनचे रेकॉर्डिंग नाही, आणि आता पार्टीला फोन करून गोड बोलून कबूल करवून टिपण्याचा मोह होईल. केलेत तर बेकायदा नाही, पण प्रश्न तोंडात घालून काढलेली कबुली उलटतपासात टिकवणे अवघड जाते. त्यापेक्षा त्यांना आज साधा व्हॉट्सॲप मेसेज लिहा: अमुक तारखेला आपण फोनवर 8 एमएम प्लेट मान्य केलीत, त्याप्रमाणे माल दिला, चलनावर सही आहे, बाकी रक्कम इतकी. उत्तर काय येते, किंवा येतच नाही, दोन्ही जपून ठेवा. प्लेट खरेदीचे बिल त्या फोननंतरच्या तारखेचे असेल तर ते काढा, कारण 10 ठरलेली असताना तुम्ही 8 का विकत घेतलीत याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. फोन झाला होता हेच ते नाकारत असतील तर मोबाइल कंपनीकडे कॉलची नोंद असते: कुठल्या नंबरवरून, किती वाजता, किती सेकंद. त्यात बोलणे नसते. ही नोंद कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवावी लागते आणि दुसऱ्याच्या नंबरची कोर्टामार्फतच मिळते, त्यामुळे दावा लांबवत बसलात तर ती मागायची वेळ निघून जाईल. स्वतःच्या नंबरचे तपशीलवार बिल मात्र कंपनीकडून आजच मागवा, आणि चलनाची सही असलेली प्रत घेऊन या.